चाल हळू, सूर तोच : जुन्या रेकॉर्डिंगवरून भजन शिकताना

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरहून बोलतोय. आजचा विषय तुमच्या फोनमध्ये आधीपासूनच आहे, पण त्याचा उपयोग आपण बहुतेक वेळा उलट्या बाजूनं करतो. व्हॉट्सअॅपवर कुणी पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला की आपण लगेच 1.5x किंवा 2x दाबतो. बोलणारा भरभर बोलतो, पण त्याचा आवाज कार्टूनसारखा चिरका होत नाही. वेग वाढला आणि सूर जागेवरच राहिला. आज हेच उलटं करायचंय. वेग कमी करायचा, सूर तसाच ठेवायचा, आणि त्यावरून एक भजन शिकायचं.

आधी हे कशासाठी, ते सांगतो. आपल्या भागात भजन म्हटलं की खंजिरी आलीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, त्यांचा आश्रम गुरुकुंज मोझरीला, आणि हातात कायम खंजिरी. १९६८ मध्ये ते गेले, पण विदर्भातल्या गावागावांत खंजिरीवरची भजनं अजून चालू आहेत. आमच्या मंडळातही आहेत. अडचण अशी, की आमचे खंजिरी वाजवणारे काका आता थकलेत. बोटं आखडतात, जलद वाजवता येत नाही. मंडळातली दोन पोरं त्यांच्याकडून शिकतायत. पण एका भजनाच्या शेवटी, गजरात, काका जे वाजवायचे ते त्यांना हळू वाजवून दाखवता येत नाही. ते म्हणतात, "कसा वाजवतो ते मले नाही सांगता येत बापा. हात जाते तसा जाते." ते वाजवणं फक्त एका जुन्या कॅसेटवर उरलंय. म्हणजे शिकायचं असेल तर त्या कॅसेटवरूनच, आणि तेही काका "हे बरोबर, हे चूक" सांगायला आहेत तोवरच.

आता मुद्द्याकडे येऊ. रेकॉर्डिंग नुसतं हळू फिरवलं तर काय होतं? जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणारा एकदम घोगरा, झोपेत गात असल्यासारखा वाटायचा. कारण सूर म्हणजे एका सेकंदात किती कंपनं, एवढंच. आमचे गायक काळी एकमध्ये गातात. त्यांचा सा म्हणजे सेकंदाला साधारण १३९ कंपनं. टेप पाऊण वेगानं फिरवली, तर तीच कंपनं जास्त वेळात पसरतात आणि सेकंदाला १०४ च उरतात. हा सूर कुठला? हार्मोनियमवर मोजा. काळी एकपासून पाच पट्ट्या खाली आलात की काळी चार लागते. म्हणजे भजन नुसतं हळू झालं नाही, त्याची पट्टीच बदलली. अर्ध्या वेगावर तर पूर्ण सप्तक खाली जातं. आता पोरांनी त्याच्याबरोबर गायचं म्हटलं तर सूर गळ्याला लागत नाही, आणि उद्या मंडळात पेटी काळी एकमध्ये वाजायला लागली की शिकलेलं सगळं परक्यासारखं वाटतं.

मग फोन सूर कसा धरून ठेवतो? यात जादू काही नाही, शिंप्याचं काम आहे. फोन आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. एकेक तुकडा साधारण ४० ते ८० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान. तुकड्याच्या आतला आवाज तो ताणत नाही. आतली कंपनं होती तशीच राहतात, म्हणून सूर हलत नाही. हळू करायचं असेल तेव्हा फोन मागच्या तुकड्यातला थोडा भाग पुन्हा घेतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो. पाऊण वेगावर तीन सेकंदांचा आवाज अशा जोडकामानं चार सेकंदांचा होतो. जोड कुठे द्यायचा तेही तो शोधतो. दोन्ही तुकड्यांची लाट जिथे सारखी दिसते, तिथे एक तुकडा विरत जातो आणि दुसरा उगवत येतो. कापडावरची नक्षी जुळवून शिवण मारावी, तसं. १९५० च्या दशकात हीच युक्ती टेप आणि फिरत्या हेडची यंत्रं वापरून करायचे. आता ती खिशात आली, एवढाच फरक.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे बिघडतं ते सगळं या शिवणीमुळे बिघडतं.

आता आम्ही प्रत्यक्षात काय केलं ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं काम होतं कॅसेटचा सूर तपासायचं. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर थोडी जलद किंवा हळू फिरते. कॅसेट तीन टक्के जलद फिरली, तरी सूर जवळजवळ अर्धी पट्टी वर चढतो. आमचं तेच झालं होतं. पेटीवर काळी एक दाबली तर रेकॉर्डिंग वर वाटायचं, तिच्या शेजारची पांढरी दोन दाबली तर खाली. सूर दोघींच्या बरोबर मध्ये. फोनमधल्या ट्यूनर अॅपवरही काटा C# आणि D यांच्या मध्ये थांबत होता. इथे एक गोष्ट समजून घ्या. ही खोड टेपच्या वेगाची आहे, म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकत्र सरकलेत. म्हणून ती दुरुस्त करताना सूर धरून ठेवायचा नसतो, दोन्ही एकत्रच परत आणायचे असतात. लॅपटॉपवर ऑडॅसिटी असेल तर त्यात `Change Speed and Pitch` नावाचा इफेक्ट आहे. तिथे `Speed Multiplier` मध्ये 0.971 टाकलं, आणि सा काळी एकवर येऊन बसला. आमच्या गायकांची पट्टी तीच असल्यामुळे खाली आणायचं की वर न्यायचं हा प्रश्नच नव्हता. तुमचं रेकॉर्डिंग यूट्यूबवरचं असेल आणि पेटीशी जुळत असेल, तर ही पायरी सोडून द्या.

दुसरं काम लय मोजायचं. आमचं भजन आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात आहे. फोनवर स्टॉपवॉच लावायचं आणि आठ आवर्तनं मोजायची. आठ आठे चौसष्ट मात्रा. सुरुवातीच्या धृपदाला या ६४ मात्रांना साधारण ३८ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा. शेवटच्या गजराला त्याच ६४ मात्रा २४ सेकंदांत संपल्या. म्हणजे मिनिटाला १६०. भजन चढत जातं हे आपल्याला माहीत असतं, पण किती चढतं ते मोजल्यावरच कळतं. याचा अर्थ, अख्ख्या भजनाला एकच वेग लावून चालत नाही. 0.6 लावलं तर धृपद मिनिटाला ६० वर येतं आणि इतकं लांबतं की गाणाऱ्याचा श्वास पुरत नाही. गजराला मात्र 0.6 च हवं, कारण ते मिनिटाला ९६ वर येतं, धृपदाच्या मूळ लयीच्या जवळ. म्हणून जो तुकडा अडतो तेवढाच हळू करायचा. बाकी भजन आहे त्या वेगानं ऐकायचं.

तिसरं काम, तो तुकडा हळू करायचा. यूट्यूबवर असेल तर सेटिंगमध्ये `Playback speed`, तिथे 0.75 किंवा 0.5 निवडा. सूर आपोआप टिकतो. फाइल फोनमध्ये असेल तर व्हीएलसी वापरा. त्यात वेग बारीक बारीक बदलता येतो, आणि `A-B repeat` वापरून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. व्हीएलसीत वेग कमी केल्यावर आवाज घोगरा झाला, तर सेटिंगमध्ये टाइम-स्ट्रेचिंगचा पर्याय बंद असेल, तो चालू करा. ऑडॅसिटीत यासाठीचा इफेक्ट वेगळा आहे, `Change Tempo`. मघाचा वेगळा, हा वेगळा. मघाशी दोन्ही सरकवायचे होते, आता फक्त लय.

आता सांगतो 0.6 वर काय ऐकू आलं. गजराच्या शेवटच्या दोन मात्रांत काका एका मात्रेत चार, अशा घाईच्या थापा मारतात. मिनिटाला १६० मात्रा, म्हणजे एक मात्रा ०.३७५ सेकंदांची. तिच्या चौथ्या भागाला ०.१ सेकंदही मिळत नाही. मूळ वेगावर पोरांना तिथे सलग आठ थापा ऐकू यायच्या, आणि ते तसंच वाजवायचे. वाजवलेलं भरीव वाटायचं, पण काकांसारखं नाही वाटायचं. कुठे चुकतंय ते कुणालाच सांगता येईना. 0.6 वर ऐकल्यावर कळलं, की थापा आठ नाहीतच, सात आहेत. दुसऱ्या मात्रेतली तिसरी जागा कातड्यावर रिकामी आहे. तिथे फक्त खंजिरीच्या चकत्या हलतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "हो ना! तिथं हात नाही मारायचा, तिथं झनकार राहते." म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त हे सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

इथेच सावध राहायचं. वेग कमी केल्यावर जे ऐकू येतं ते सगळंच वाजवणाऱ्याचं नसतं, काही फोनचंही असतं. मघाची शिवण आठवा. पेटीचा लांब सूर कुठेही जोडला तरी चालतो, कारण सगळीकडे तो सारखाच आहे. पण थाप म्हणजे क्षणात उमटून गेलेला आवाज. ती थाप जर पुन्हा घेतलेल्या भागात सापडली, तर दोनदा वाजते. "टक्" च्या जागी "टटक्" ऐकू येतं. घाईच्या वाजवण्यात दोन थापांमधलं अंतर आणि फोनच्या तुकड्याची लांबी जवळजवळ सारखीच असते, म्हणून हे तिथेच जास्त होतं. टाळांचा लांब घुमणारा आवाज थरथरल्यासारखा होतो, आणि गाणारा बादलीत तोंड घालून गातोय असं वाटायला लागतं. 0.75 पर्यंत हे सहसा त्रास देत नाही. 0.5 च्या जवळ बऱ्यापैकी जाणवतं.

मग खरी थाप कुठली आणि फोननं घातलेली कुठली, हे ओळखायचं कसं? सोपी परीक्षा आहे. तीच जागा तीन वेगांवर ऐका, 0.6, 0.7 आणि 0.8. वेग बदलला की शिवणीची जागा बदलते. जोडथाप एका वेगावर आली आणि दुसऱ्यावर गायब झाली किंवा दुसऱ्याच मात्रेवर सरकली, तर ती फोनची. तिन्ही वेगांवर त्याच जागी राहिली, तर ती वाजवणाऱ्याची. आमची रिकामी जागा तिन्ही वेगांवर जागची हलली नाही. काकांना विचारायला आम्ही त्यानंतरच गेलो.

गळ्याच्या बाबतीतही एक असंच आहे. गायक लांब सुरावर थोडा कंप देतो, तो साधारण सेकंदाला पाच-सहा वेळा हलतो. मूळ वेगावर तो एकच सूर वाटतो. अर्ध्या वेगावर तोच कंप सावकाश वर-खाली जाताना ऐकू येतो आणि शिकणारा त्याला दोन वेगळे सूर समजून गायला लागतो. म्हणून हळू आवृत्तीवरून हरकतीतले सूर कुठले आणि कुठल्या क्रमानं, एवढंच घ्या. त्यांचं वजन, सुराचा हेलकावा, शब्द सोडण्याची पद्धत मूळ वेगावरच ऐका.

आता सगळ्यात मोठी अडचण, आणि ती फोनमध्ये नाहीच, आपल्या अंगात आहे. पोरांना सात थापांची जागा कळली. 0.6 वर दोघंही बिनचूक वाजवायला लागले. वेग वाढवला तर 0.8 वर हात अडकला. बघितलं तर हळू वेगावर ते प्रत्येक थाप मनगटातून मारत होते. मिनिटाला ९६ वर त्याला वेळ पुरतो. १६० वर मनगटाला परत यायला वेळच नाही, तिथे फक्त बोटं चालतात. काकांच्या हाताचं निरीक्षण केलं तर मनगट जवळजवळ स्थिर. म्हणजे हळू रेकॉर्डिंगनं त्यांना काय वाजवायचं ते शिकवलं, पण कसं वाजवायचं ते चुकीचं शिकू दिलं.

त्यामुळे आम्ही सराव असा बसवला. 0.6 वर वाजवतानाही हालचाल जलद वेगाचीच ठेवायची. बोटं कातड्यापासून बोटभरच वर जातील, त्याहून जास्त नाही. थापांमधला वेळ लांब, पण प्रत्येक थाप छोटी. मग 0.7, 0.8, 0.9 आणि मूळ वेग, म्हणजे मिनिटाला ११२, १२८, १४४, १६०. एका पायरीवर सलग तीनदा स्वच्छ आलं की पुढे. त्याच्या जोडीला रोज थोडा वेळ उलटा सराव. वेग पूर्ण, पण तुकडा एकाच आवर्तनाचा. मिनिटाला १६० वर एक आवर्तन तीन सेकंदांचं. तीन सेकंद वाजवायचं, थांबायचं, परत वाजवायचं. यात हात खऱ्या वेगाची सवय करून घेतो, आणि कान मघाच्या हळू ऐकण्यातून आधीच तयार झालेला असतो.

पावली शिकणाऱ्यांसाठी हाच मुद्दा आणखी स्पष्ट दिसतो. दिंडीत टाळ वाजवत पावली खेळताना छोटी उडी असते. समजा मूळ वेगावर पाय साधारण ०.३ सेकंद जमिनीवरून सुटलेले असतात. त्यासाठी शरीर ११ सेंटीमीटर वर जावं लागतं, म्हणजे अर्धी वीत. आता गाणं 0.6 वर नेलं, तर त्या उडीला अर्धा सेकंद हवेत राहायला हवं. त्यासाठी किती वर जावं लागेल? ३१ सेंटीमीटर, चांगली एक फूट. गाणं हळू झालं तरी खाली पडण्याचा वेग हळू होत नाही ना! मग पोरं काय करतात, एक तर उगाच उंच उडतात, नाही तर आधीच टेकून पुढच्या मात्रेची वाट बघत उभी राहतात. दोन्ही सवयी मूळ वेगावर गेल्यावर अंगातून निघत नाहीत. व्हिडिओ हळू केला की त्यातला माणूस हवेत तरंगताना दिसतो, आपण नाही तरंगू शकत.

म्हणून पावलीचा व्हिडिओ 0.6 वर फक्त बघायचा. कुठला पाय कितव्या मात्रेवर टेकतो, टाळ कुठे मिटतात, एवढं कागदावर लिहून घ्यायचं. त्या वेगावर पावलं चालत टाकायची, उडीच्या जागी नुसती टाच उचलायची. 0.85 च्या वर गेल्यावर उडी घालायची, तिथे उंची १५ सेंटीमीटरवर येते आणि शरीर मूळ अंदाजाच्या जवळ असतं.

आमच्या दोघांपैकी एकाला तो गजर आता पूर्ण वेगावर येतो, झनकारासकट. दुसरा 0.9 वर आहे. पण पूर्ण वेगावर आलं म्हणजे झालं असं नाही, कारण रेकॉर्डिंगमधला गाणारा दर वेळी सारखाच गातो. मंडळातला गाणारा मनात येईल तेव्हा लय चढवतो, आणि खंजिरीला त्याच्या मागे जावं लागतं. ते कुठल्याही वेगाच्या रेकॉर्डिंगवर शिकता येत नाही. म्हणून शेवटची पायरी फोन बंद करून. काका समोर बसतात, हातानं टाळी देतात, आणि मध्येच न सांगता लय वाढवतात. रिकामी जागा त्या वेळीही रिकामी राहिली, तर मान हलवतात.

तुमच्या घरी, मंडळात अशी एखादी कॅसेट पडून असेल तर पहिल्यांदा पेटी जवळ घेऊन तिचा सा तपासा आणि गजराच्या ६४ मात्रांना किती सेकंद लागतात ते मोजा. एवढं झालं की पुढचं काम सुरू करता येईल. आणि वाजवणारे माणूस अजून आहेत तर ती हळू केलेली फाइल त्यांनाही ऐकवा. पुढच्या भागात भेटू. राम राम.